परीक्षेत कीबोर्ड हवा आहे: डिस्ग्राफिया असलेल्या मुलासाठी शाळेला लिहायचं पत्र

डिस्ग्राफिया म्हणजे लेखनाची विशिष्ट अक्षमता असलेल्या मुलाचे पालक शाळेला पहिलं पत्र लिहितात, ते बहुधा चार ओळींचं असतं. मुलाला डिस्ग्राफिया आहे, अहवाल सोबत जोडला आहे, परीक्षेत टायपिंग करू द्यावं, ही विनंती. मुख्याध्यापक पत्र वाचतात आणि त्यांना लगेच तीन प्रश्न पडतात. याचं अक्षर वाईट आहे, की खरोखर काही अडचण आहे? बाकीच्या मुलांवर अन्याय तर होणार नाही? आणि परीक्षेच्या दिवशी हे सगळं बघणार कोण? पत्रात यातल्या एकाचंही उत्तर नसतं, म्हणून शाळेकडून "बघू" असं उत्तर येतं आणि परीक्षा निघून जाते.

मुख्याध्यापकांना हे तीन प्रश्न पडणारच. त्यांची उत्तरं आधीच देणारं पत्र कसं लिहायचं, ते इथे एका उदाहरणातून पाहू. मुलगा तेरा वर्षांचा आहे. तोंडी उत्तरं चांगली देतो, लेखी परीक्षेत मात्र जेमतेम पास होतो. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुम्ही तुमच्या मुलाचे घ्यायचे.

पेनाने नेमकं काय अडतं

सरावलेल्या हाताला "क" कसा काढायचा याचा विचार करावा लागत नाही. अक्षराचा आकार आठवणं, रेघ कुठून सुरू करायची ते ठरवणं, हात फिरवणं, दोन शब्दांत जागा सोडणं हे आपोआप होतं आणि डोकं उत्तरासाठी मोकळं राहतं. डिस्ग्राफियात हा आपोआपपणा येत नाही किंवा फार अपुरा येतो. प्रत्येक अक्षरावर लक्ष खर्च होतं. मनात एका वेळी जेवढं धरून ठेवता येतं त्यातला मोठा वाटा अक्षर काढण्यातच संपतो, आणि वाक्याचा उरलेला भाग तोवर निसटतो. म्हणून अशा मुलाच्या पेपरात अर्धी वाक्यं, गाळलेले शब्द आणि माहीत असूनही न लिहिलेले मुद्दे दिसतात. शिक्षकांना तो निष्काळजीपणा वाटतो.

कीबोर्डवर अक्षर काढावं लागत नाही, ओळखून कळ दाबावी लागते. कामातला जो भाग मुलाला सर्वात जड जातो, तोच कमी होतो. उत्तर आठवणं, मुद्दे लावणं, शुद्धलेखन, व्याकरण यांतलं काहीच कीबोर्ड करून देत नाही, आणि शाळेला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे अन्यायाच्या शंकेचं, उत्तर इथेच मिळतं.

एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. "डिस्ग्राफिया" या एका शब्दाखाली वेगवेगळ्या अडचणी येतात. काही मुलांचं अडतं ते हाताच्या हालचालीत आणि अक्षराच्या आकारात. काहींचं अडतं शब्दाच्या लेखनात, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांत. काहींचं वाक्यं रचण्यात. कीबोर्डचा मोठा फायदा पहिल्या गटाला होतो. ज्या मुलाची अडचण मुख्यतः वाक्यरचनेची आहे, त्याच्या हातात कीबोर्ड देऊनही पान कोरंच राहू शकतं. त्याला वेगळी मदत लागते. म्हणून आधी मोजून बघायचं, मग मागायचं.

घरी करायची मोजणी

यासाठी एक आठवडा पुरतो. मुलाला नीट माहीत असलेले, साधारण सारख्या अवघडपणाचे दोन विषय निवडा. एकावर पेनाने तीस मिनिटं लिहायला सांगा, दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कीबोर्डवर तीस मिनिटं. दर दहा मिनिटांनी कागदाच्या समासात एक छोटी खूण करा, म्हणजे शब्द टप्प्याटप्प्याने मोजता येतील. फक्त पाच मिनिटांची चाचणी घेऊ नका. या मुलांची खरी अडचण दहा मिनिटांनंतर उघडी पडते. पहिलं पान बरं असतं, दुसऱ्या पानावर हात दुखू लागतो आणि अक्षर विस्कटतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलाने पेनाने पहिल्या दहा मिनिटांत 92 शब्द लिहिले, दुसऱ्या दहात 71, तिसऱ्या दहात 54. एकूण 217. कीबोर्डवर तेच आकडे 168, 161 आणि 157, एकूण 486. एकूण फरकापेक्षाही उतार बघा. पेनाचा वेग अर्ध्या तासात 92 वरून 54 वर घसरला, कीबोर्डचा जवळजवळ तसाच राहिला. तीन तासांच्या पेपरात काय होत असेल ते या उतारावरून कळतं.

नंतर वाचता येणारे शब्द मोजायचे. हे काम आईवडिलांनी करू नये, कारण त्यांना ते अक्षर वाचायची सवय असते. मुलाला न ओळखणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला कागद द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळून सोडून देतो किंवा चुकीचा शब्द वाचतो, तो शब्द न वाचता येणारा. आपल्या उदाहरणात 217 पैकी 48 शब्द असे निघाले. म्हणजे परीक्षकाच्या हातात 169 शब्दच पोहोचले.

तिसरी मोजणी शुद्धलेखनाच्या चुकांची. पालक ती बहुधा टाळतात, पण शाळेवर सर्वात जास्त परिणाम तिचाच होतो. पेनाच्या 217 शब्दांत 26 चुका, म्हणजे शंभरी 12. कीबोर्डच्या 486 शब्दांत 55 चुका, म्हणजे शंभरी 11 च्या आसपास. संगणकातला शुद्धलेखन तपासनीस बंद ठेवला होता, त्यामुळे कीबोर्डने शुद्धलेखन सुधारलं नाही. मुलाला कोणताही आयता फायदा मिळाला नाही, हे मुलाच्याच चुका दाखवतात. हा आकडा लपवू नका.

शेवटची चाचणी मुद्द्यांची. एकाच धड्यावरचे सारख्या वजनाचे तीन प्रश्न घ्या, प्रत्येकाच्या आदर्श उत्तरात आठ मुद्दे येतील असे. एक तोंडी विचारा, एक पेनाने लिहून घ्या, एक टाइप करून घ्या. उदाहरणातल्या मुलाने तोंडी सात मुद्दे सांगितले, पेनाने तीन लिहिले, कीबोर्डवर सहा. विषयशिक्षकांना शब्दांच्या वेगापेक्षा ही तुलना पटकन भिडते, कारण मुद्द्यांवर गुण देणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

कीबोर्डचा वेग पेनापेक्षा कमी निघाला किंवा जेमतेम तेवढाच भरला, तर पत्र थांबवा आणि आधी टायपिंग शिकवा. प्रत्येक कळ शोधणाऱ्या मुलाचं लक्ष अक्षर काढण्याऐवजी कळा शोधण्यात खर्च होतं, म्हणजे तो होता तिथेच राहतो. रोज पंधरा-वीस मिनिटं, दहा बोटांनी, ठरावीक कळफलकावर, असा सराव काही महिने चालला की वेग येतो. परीक्षेच्या आदल्या महिन्यात तो येत नाही.

अहवालात कोणतं वाक्य हवं

शाळेला निदान हवं असतं, आणि निदानाखाली शिफारसही हवी असते. अनेक अहवालांत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या डीएसएम-5 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये "डिस्ग्राफिया" हे निदानाचं मुख्य नाव नाही. तिथे ही अडचण लेखी अभिव्यक्तीवर परिणाम करणारी शिकण्याची विशिष्ट अक्षमता म्हणून नोंदवली जाते. मुख्य अडचण हाताच्या हालचालींच्या समन्वयाची असेल, तर नाव आणखी वेगळं असतं. म्हणून अहवालात डिस्ग्राफिया हा शब्दच नाही असं शाळेने म्हटलं, तर गडबडू नका. तज्ज्ञांकडून एक ओळ लिहून घ्या की या निदानालाच रोजच्या भाषेत डिस्ग्राफिया म्हणतात.

मानसशास्त्रज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडून शिफारशीचं वाक्य नेमकं मागून घ्यावं. "संगणकाचा वापर उपयुक्त ठरेल" हे वाक्य कामाचं नाही, कारण उपयुक्त तर तो सगळ्यांनाच ठरेल. "हाताने लिहिण्याचा वेग आणि सुवाच्यता वयाच्या मानाने खूप कमी असल्याने, दीर्घ लेखी उत्तरांच्या सर्व परीक्षांत कीबोर्ड वापरणे आवश्यक आहे" या वाक्यात कारण, गरज आणि व्याप्ती तिन्ही आहेत. वेग मोजायला तज्ज्ञ प्रमाणित चाचण्या वापरतात. उदाहरणार्थ डॅश या इंग्रजी चाचणीत उतारा नीट अक्षरात उतरवणं, तोच वेगात उतरवणं, बाराखडीसारखी अक्षरमाला भरभर लिहिणं आणि दहा मिनिटं स्वतःच्या मनाने लिहिणं अशी कामं असतात. तुमच्या घरच्या मोजणीला अशा चाचणीचं वजन नाही. पण अहवाल मूल वयाच्या मानाने कुठे आहे ते सांगतो आणि घरची मोजणी पेपरात नेमकं काय होतं ते सांगते. दोन्ही जोडा.

कायद्याचा उल्लेख करायचा तर एकच पुरे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या करारातलं कलम 24 शिक्षणाबद्दल आहे, आणि त्यात प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याची अपेक्षा आहे. "वाजवी" म्हणजे गरजेची, योग्य आणि संस्थेवर अवाजवी बोजा न टाकणारी. तुमच्या देशाचा कायदा किंवा परीक्षा मंडळाचा नियम माहीत असेल, तर त्याचा क्रमांक द्या. पण पत्राची सुरुवात कायद्याने करू नका. पहिल्याच ओळीत कलम दिसलं की पत्र वर्गशिक्षकांकडे न जाता व्यवस्थापनाकडे जातं, आणि मुलाला ओळखणारा माणूस चर्चेतून बाहेर पडतो.

काय मागायचं, काय नाही

इथे फार पत्रं फसतात. कीबोर्ड, जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं आणि वेगळी खोली, अशा पाच मागण्या एका दमात केल्या की शाळा पाचही एकत्र तोलते आणि एकत्र बाजूला ठेवते. प्रत्येक सोयीचं कारण वेगळं असतं. लेखनिकाला उत्तर सांगायचं तर विरामचिन्हांसकट बोलून लिहवून घ्यावं लागतं. ते स्वतंत्र कौशल्य आहे, आणि टाइप करता येणाऱ्या मुलाला त्याची गरज नसते. मोजणीत कीबोर्डवर वेळ पुरत असेल, तर जादा वेळ मागायचं कारण उरत नाही. उदाहरणातल्या मुलासाठी पत्रात कीबोर्ड आणि कळांच्या आवाजाचा इतरांना त्रास होणार नाही अशी जागा, एवढंच मागितलं आहे.

विषयही वेगळे करा. भाषा, इतिहास, भूगोल, विज्ञानाची मोठी उत्तरं कीबोर्डवर. गणित, आकृत्या, नकाशे, तक्ते पेनाने. अपूर्णांक आणि वर्गमूळ टाइप करणं पेनापेक्षा हळू होतं, आणि मूल चिन्हं शोधण्यात वेळ घालवतं. एकाच पेपरात दोन्ही असतील तर टाइप केलेल्या उत्तरात "प्रश्न 3 आ: आकृती उत्तरपत्रिकेत" अशी ओळ लिहायची आणि उत्तरपत्रिकेत तोच क्रमांक टाकायचा. हे पत्रात लिहिलं नाही, तर आकृती एका गठ्ठ्यात आणि उत्तर दुसऱ्यात जातं आणि गुण बुडतात.

संगणकावर काय बंद करायचं

तिसऱ्या प्रश्नाचं, कोण बघणार याचं, उत्तर तुम्हीच तयार करून द्यायचं. पर्यवेक्षकांना संगणकातलं फार कळत नसेल असं धरून अर्ध्या पानाची यादी बनवा. परीक्षेआधी पाच मिनिटांत तपासता येईल इतकी ती छोटी असावी.

पहिली गोष्ट शुद्धलेखन तपासनीस. वर्डमध्ये `File > Options > Proofing` इथे जाऊन `Check spelling as you type` आणि `Mark grammar errors as you type` यांच्या खुणा काढायच्या. तिथेच `AutoCorrect Options` मध्ये `Replace text as you type` बंद करायचं. हे शेवटचं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. लाल रेघ दिसत नाही म्हणून सगळं बंद आहे असं वाटतं, आणि दुरुस्ती मात्र गुपचूप होत राहते. लिब्रेऑफिसमध्ये `Tools > AutoCorrect Options` खाली `Word Completion` नावाचा भाग असतो. तो अर्धा शब्द पूर्ण करून देतो, तोही बंद हवा. विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये `Time & language > Typing` इथे शब्द सुचवण्याचा पर्याय असतो, तोही पाहायचा. साधं नोटपॅड दिलं की प्रश्न मिटतो, असं बरेच जण अजून धरून चालतात. पण विंडोज 11 च्या नोटपॅडमध्ये 2024 पासून शुद्धलेखन तपासनीस आला आहे, आणि तो सेटिंगमधून वेगळा बंद करावा लागतो.

दुसरी गोष्ट फाइल जतन होणं. वर्डची आपोआप जपणूक मुळात दर दहा मिनिटांनी होते. दहा मिनिटं म्हणजे या मुलाचे 160 शब्द. `File > Options > Save` मध्ये हा आकडा 1 करा, आणि मुलाला प्रत्येक उत्तर संपलं की `Ctrl+S` दाबायची सवय लावा. फाइल सुरुवातीलाच नाव देऊन जतन करायची, शेवटी नाही.

तिसरी गोष्ट कागद. छापलेलं उत्तर हस्ताक्षरातल्या उत्तरापेक्षा लहान दिसतं आणि त्यातल्या चुका जास्त उठून दिसतात. परीक्षकाच्या मनावर नकळत याचा परिणाम होतो. म्हणून अक्षर 14 आकाराचं, ओळींत दुप्पट अंतर, रुंद समास, प्रत्येक पानावर आसनक्रमांक आणि पानाचा आकडा. हे सगळं आधीच भरलेली एक कोरी फाइल शाळेला द्या. छपाई मुलाच्या समोर व्हावी आणि प्रत्येक पानावर त्याने सही करावी. आपण लिहिलेलंच छापलं गेलं, हे त्यालाही दिसतं आणि शाळेलाही.

मराठी पेपराचा वेगळा प्रश्न

देवनागरी टाइप करायच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि परीक्षेच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवण्याच्या पद्धतीत बहुतेक साधनं शब्दांची यादी पुढे करतात. मुलगा `shala` टाइप करतो आणि समोर "शाला", "शाळा" असे पर्याय येतात, त्यातला तो एक उचलतो. म्हणजे शुद्धलेखन अर्धंअधिक यंत्राने केलं. शाळेने हरकत घेतली तर ती रास्त आहे.

दुसरी पद्धत इनस्क्रिप्ट कळफलकाची, तिच्यात असं होत नाही. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा मुलगा स्वतः दाबतो. "विद्या" लिहायला इंग्रजी कीबोर्डवरच्या या सहा कळा दाबाव्या लागतात:

```
b f o d / e
```

म्हणजे व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलंत, य, काना. हाताने लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागते, उच्चारात मात्र ती नंतर येते. या उलटापालटीत डिस्ग्राफिया असलेली मुलं अडकू शकतात. इनस्क्रिप्टमध्ये क्रम उच्चाराचाच आहे. जोडाक्षरही दोन व्यंजनांमध्ये हलंत दाबलं की आपोआप जुळतं, त्याचा आकार आठवावा लागत नाही. शिकायला ही पद्धत सुरुवातीला जड जाते, तरी परीक्षेसाठी हीच धरावी असं आमचं ठाम मत आहे. शुद्धलेखन पूर्णपणे मुलाचंच राहतं आणि वादाला जागा उरत नाही.

आणि युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये लिहिलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की सगळं उत्तर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतं.

पत्र

आता हे सगळं एका पानात. मोजणीचे कागद, अहवाल आणि पर्यवेक्षकांची यादी सोबत जोडायची. पत्रात फक्त निष्कर्ष द्यायचे.

मा. मुख्याध्यापक यांस,

विषय: लेखी परीक्षांत कीबोर्डवर उत्तरे लिहिण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

माझा मुलगा (नाव, इयत्ता, तुकडी) याला लेखनाची विशिष्ट अक्षमता म्हणजे डिस्ग्राफिया असल्याचे तज्ज्ञांनी निदान केले आहे. अहवाल सोबत जोडला आहे. दीर्घ लेखी उत्तरांसाठी कीबोर्ड आवश्यक असल्याची शिफारस त्यात पान (क्रमांक) वर आहे.

पेनाने तीस मिनिटांत तो 217 शब्द लिहितो. त्यांपैकी 48 शब्द त्रयस्थ व्यक्तीला वाचता येत नाहीत. दर दहा मिनिटांनी त्याचा वेग कमी होत जातो. कीबोर्डवर तेवढ्याच वेळात तो 486 शब्द लिहितो. एकाच धड्यावरील सारख्या प्रश्नांत त्याने तोंडी सात, कीबोर्डवर सहा आणि पेनाने तीन मुद्दे मांडले. शुद्धलेखनाच्या चुकांचे प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखेच आहे. मूळ कागद जोडले आहेत.

माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. भाषा, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान या विषयांची उत्तरे त्याला कीबोर्डवर लिहू द्यावीत. गणित, आकृत्या व नकाशे तो नेहमीप्रमाणे उत्तरपत्रिकेत काढेल. संगणकावर शुद्धलेखन तपासनीस, शब्दसूचना आणि इंटरनेट बंद असावे. मराठीसाठी तो इनस्क्रिप्ट कळफलक वापरतो, त्यात शब्द सुचवले जात नाहीत. त्याची आसनव्यवस्था वीजजोडणीजवळ आणि कळांच्या आवाजाचा इतरांना त्रास होणार नाही अशा ठिकाणी असावी. शुद्धलेखनाचे गुण इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच द्यावेत. या पत्रात जादा वेळ मागितलेला नाही.

शाळेचा संगणक उपलब्ध नसल्यास आम्ही आमचा देऊ. परीक्षेपूर्वी तो तपासून शाळेच्या ताब्यात ठेवावा. पर्यवेक्षकांसाठी तपासणीची यादी जोडली आहे.

मुख्य परीक्षेपूर्वी एका वर्गचाचणीत ही पद्धत वापरून पाहावी आणि त्यानंतर आपण, वर्गशिक्षक व मी एकत्र बसून अंतिम निर्णय घ्यावा, अशी विनंती आहे. (तारीख) पर्यंत लेखी उत्तर मिळाल्यास त्याप्रमाणे तयारी करता येईल.

आपला/आपली नम्र,
(पालकाचे नाव, सही, दिनांक)

"जादा वेळ मागितलेला नाही" आणि "गुण इतरांप्रमाणेच द्यावेत" ही दोन वाक्यं अनेक पालकांना उगाच हातचं सोडल्यासारखी वाटतात. पण या मुलाच्या मोजणीतून तेवढंच निघतं, आणि आकड्यांच्या पलीकडे न जाणाऱ्या पत्रावर विश्वास बसतो. तुमच्या मुलाला कीबोर्डवरही वेळ पुरत नसेल किंवा शुद्धलेखन हीच त्याची मुख्य अडचण असेल, तर ही वाक्यं काढा आणि त्या मागणीसाठी अहवालात वेगळी शिफारस घ्या.

पत्र दिल्यानंतर

पत्र सत्राच्या सुरुवातीला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वरच्या इयत्तेत बाहेरच्या मंडळाची परीक्षा असेल, तर मंडळाच्या अर्जाची मुदत शाळेकडून विचारून घ्या. ती बहुधा परीक्षेच्या बरीच आधी संपते. मंडळं हेही विचारतात की ही मुलाची वर्गातली नेहमीची पद्धत आहे का. म्हणून परवानगी मिळताच वर्गातली टिपणं, गृहपाठ आणि छोट्या चाचण्याही कीबोर्डवर सुरू व्हायला हव्यात. फक्त परीक्षेत संगणक समोर येणारं मूल कीबोर्डवरही घाबरतं.

शिक्षकांकडून एक हरकत जवळपास नक्की येते, "मग अक्षर सुधारणार कधी?" हा प्रश्न काळजीतून आलेला असतो, त्याला मान देऊनच उत्तर द्या. अक्षराचा सराव रोज दहा मिनिटं, वेगळ्या वहीत, चालूच राहील. इतिहासाच्या पेपरात मोजायचा तो इतिहास. शाळेने नकार दिलाच, तर वाद न घालता नकाराचं कारण लेखी मागा आणि एका वर्गचाचणीची विनंती पुन्हा करा. बहुतेक नकार नियमातून आलेले नसतात, गैरसोयीच्या भीतीतून आलेले असतात, आणि ती भीती चाळीस मिनिटांच्या चाचणीत बरीच ओसरते.

आणि पत्र देण्याआधी मुलाला विचारा. वेगळ्या कोपऱ्यात संगणक घेऊन बसायची त्याची तयारी आहे का, मित्रांनी विचारलं तर तो काय सांगणार आहे. परवानगी मिळूनही संगणक न उघडणारी मुलं असतात, आणि त्याचं कारण बहुधा हेच असतं.

वर्गचाचणी झाली की दोनच गोष्टी तपासा. पेपर पूर्ण झाला का, आणि शेवटच्या उत्तराची लांबी पहिल्याच्या तुलनेत किती आहे. शेवटचं उत्तर पहिल्याइतकंच भरलेलं असेल तर ती दोन्ही पानं झेरॉक्स करून पत्राच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या वर्षी नवे वर्गशिक्षक येतील, तेव्हा हीच दोन पानं आधी दाखवायची.